मोसमी पावसाच्या अंदाजाचा सारांश लिहिताना शक्यता ही शक्यताच कशी ठेवावी

एप्रिल २०२३ मध्ये मी आमच्या गावातल्या ग्रामपंचायतीच्या फलकावर खडूने एक ओळ लिहिली होती : ‘यंदा सरासरीइतका पाऊस पडणार – हवामान विभाग.’ वर्तमानपत्रातला मथळा तसाच होता, मूळ आकडाही ९६ टक्क्यांचा होता, त्यामुळे आपण काही चुकीचे लिहितो आहोत असे मला वाटले नाही. पुढे ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली, हलक्या जमिनीतले सोयाबीन ऐन फुलोऱ्यात माना टाकू लागले, आणि एका शेतकऱ्याने मला चावडीपाशी थांबवून विचारले, “गुर्जी, तुमचा तो सरासरीचा पाऊस कुठी गेला जी?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. नंतर हवामान विभागाची मूळ नोट काढून वाचली, तेव्हा लक्षात आले की त्या नोटेत ‘पडणार’ असे कुठेच नव्हते. तो शब्द माझा होता.

तेव्हापासून दरवर्षी एप्रिल आणि मे महिन्यांत मी गावासाठी अर्ध्या पानाचा सारांश लिहितो. तो कसा लिहितो, हे येथे पायरीपायरीने मांडले आहे. कृषी सहायक, शेतकरी गटाचे सचिव, शाळेतले शिक्षक, गावाच्या व्हॉट्सॲप गटावर माहिती टाकणारे तरुण अशा सर्वांना हे काम कधी ना कधी करावे लागते. उदाहरण म्हणून मी २०२३ चाच अंदाज घेतला आहे, कारण मथळा आणि तक्ता यांतले अंतर इतके स्पष्ट दिसणारी वर्षे थोडी असतात.

पहिली पायरी : मूळ नोट आणि तिची हद्द

बातमीवरून सारांश लिहू नये. बातमी हा स्वतःच एक सारांश असतो आणि शक्यतेचे आश्वासन बहुधा तिथेच झालेले असते. भारतीय हवामान विभागाची नोट त्यांच्या संकेतस्थळावर मिळते. नैर्ऋत्य मोसमी पावसाचा पहिला अंदाज एप्रिलच्या मध्याला येतो, सुधारित अंदाज मेच्या अखेरीस येतो, आणि त्यानंतर पुढच्या एकेका महिन्याचा अंदाज आधीच्या महिन्याच्या शेवटी दिला जातो. नोट उघडल्यावर सर्वांत आधी कागदावर तीन गोष्टी उतरवाव्यात : नोटेची तारीख, अंदाजाचा कालावधी आणि अंदाजाचे क्षेत्र. २०२३ च्या पहिल्या नोटेसाठी या तीन गोष्टी अशा होत्या : ११ एप्रिल, जून ते सप्टेंबर, संपूर्ण देश.

या तीन नोंदी क्षुल्लक वाटतात, परंतु पुढच्या निम्म्या चुका यांच्या अभावी होतात. मे अखेरीस मध्य भारतासाठी आलेला अंदाज आणि एप्रिलमध्ये साऱ्या देशासाठी आलेला अंदाज एकाच वाक्यात मिसळला, की कोणती शक्यता कशाची हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

दुसरी पायरी : मथळ्याचा आकडा बाजूला ठेवून तक्ता उतरवणे

नोटेच्या सुरुवातीला एक ठळक आकडा असतो. २०२३ मध्ये तो ‘दीर्घकालीन सरासरीच्या ९६ टक्के, अधिक-उणे ५ टक्के’ असा होता. दीर्घकालीन सरासरी म्हणजे १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांची देशाची सरासरी, जी सुमारे ८७ सेंटिमीटर आहे. ‘अधिक-उणे ५’ ही त्या अंदाजपद्धतीची त्रुटी आहे, म्हणजे ९६ हा आकडा लिहिताना हवामान विभागाने ९१ ते १०१ इतकी सैल जागा स्वतःच सोडलेली होती. आपण बहुतेक वेळा ९६ उचलतो आणि ५ तिथेच टाकून येतो.

खरी माहिती त्याखालच्या तक्त्यात असते. तो तक्ता देशाच्या पावसाचे पाच गट करतो, प्रत्येक गटासमोर यंदाची शक्यता देतो आणि शेजारच्या स्तंभात त्या गटाची एरवीची शक्यता देतो. ही एरवीची शक्यता म्हणजे एल निनो वगैरे काहीही माहीत नसताना, केवळ मागच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून जेवढी शक्यता धरता येईल तेवढी. ११ एप्रिल २०२३ चा तक्ता असा होता :

| देशाचा पाऊस (सरासरीच्या टक्क्यांत) | यंदाची शक्यता | एरवीची शक्यता |
|---|---|---|
| ९० पेक्षा कमी (अपुरा) | २२ | १६ |
| ९० ते ९५ (सरासरीपेक्षा कमी) | २९ | १७ |
| ९६ ते १०४ (सर्वसाधारण) | ३५ | ३३ |
| १०५ ते ११० (सरासरीपेक्षा जास्त) | ११ | १६ |
| ११० पेक्षा जास्त (अतिरिक्त) | ३ | १७ |

शेवटच्या स्तंभाची बेरीज ९९ येते. आकडे पूर्णांकात दिलेले असल्यामुळे तसे होते, त्याने बिघडत नाही.

आता हा तक्ता वरून खाली न वाचता उजवीकडून डावीकडे वाचावा, म्हणजे आधी एरवीचे काय आणि मग यंदाचे काय. ‘सर्वसाधारण’ हा गट पाहा. एरवी ३३, यंदा ३५. या गटाबाबत नोटेने जवळजवळ नवीन काही सांगितलेलेच नाही. सांगितले आहे ते वरच्या दोन आणि खालच्या दोन ओळींत. सर्वसाधारणपेक्षा कमी पावसाचे दोन गट एकत्र केले तर यंदाची शक्यता २२ अधिक २९ म्हणजे ५१ होते, आणि एरवीची ३३. सर्वसाधारणपेक्षा जास्तीचे दोन गट एकत्र केले तर यंदा १४, एरवी ३३. म्हणजे नोटेचा खरा निरोप ‘पाऊस सरासरीइतका’ असा नव्हताच. ‘झुकाव कमी पावसाकडे आहे, जास्त पावसाची आशा एरवीपेक्षा निम्म्याहून कमी आहे, तरीही सर्वसाधारण पाऊस होण्याची शक्यता शाबूत आहे’ असा तो निरोप होता. मथळ्यातला ९६ हा आकडा ‘सर्वसाधारण’ गटाच्या अगदी खालच्या काठावर बसलेला होता. एक टक्का सरकला असता तर तोच आकडा ‘सरासरीपेक्षा कमी’ ठरला असता. काठावरच्या आकड्याला गटाचे नाव दिले आणि शक्यता गाळली, की माझ्या फलकावरचे वाक्य तयार होते.

मला आता असे वाटते की ज्याला वेळ अजिबात नाही, त्याने बाकी काही केले नाही तरी चालेल, पण एरवीचा स्तंभ गाळू नये. ‘कमी पावसाची शक्यता ५१ टक्के’ हे वाक्य ऐकणाऱ्याला निम्म्या-निम्म्याचा खेळ वाटतो आणि तो म्हणतो, मग यात सांगितले काय? ‘एरवी शंभरपैकी ३३, यंदा ५१’ असे म्हटले की नोटेने काय हलवले ते त्याला दिसते.

तिसरी पायरी : पावसाचे टक्के आणि शक्यतेचे टक्के वेगळे करणे

या नोटेत दोन प्रकारचे टक्के असतात आणि दोन्ही शेजारीशेजारी छापलेले असतात. एक टक्का पावसाच्या प्रमाणाचा, दुसरा शक्यतेचा. २०२४ च्या एप्रिलमधला अंदाज सरासरीच्या १०६ टक्क्यांचा होता आणि सर्वसाधारणपेक्षा जास्त पावसाच्या दोन गटांची मिळून शक्यता ६१ टक्के होती. गावात यातून ‘यंदा ६१ टक्के जास्त पाऊस’ असे ऐकू आले, आणि एकाने तर १०६ टक्के म्हणजे ‘शंभर टक्क्यांहून जास्त खात्री’ असाही अर्थ लावला. यात ऐकणाऱ्याचा दोष धरता येत नाही. एकच चिन्ह दोन कामांना वापरले तर असेच होणार.

यावर साधा उपाय असा की पावसाचे प्रमाण नेहमी ‘सरासरीच्या अमुक टक्के’ असेच लिहावे आणि शक्यता कधीही टक्क्यांत न लिहिता ‘दहापैकी’ किंवा ‘शंभरपैकी’ अशी लिहावी. ‘आजच्यासारखी चिन्हे असलेली दहा वर्षे डोळ्यांसमोर आणा, त्यांपैकी साधारण सहा वर्षांत पाऊस सर्वसाधारणपेक्षा जास्त, तीन वर्षांत सर्वसाधारण आणि एका वर्षात कमी असेल’ – २०२४ चा तक्ता असा सांगितल्यावर पुन्हा कोणी ६१ टक्के जास्त पाऊस म्हटले नाही. शिवाय या रचनेत ते दहावे वर्ष वाक्यातच उभे राहते. ते वर्ष नेमके यंदाचे नसेल असे कोणी सांगितले आहे, हा प्रश्न ऐकणारा स्वतःच विचारतो.

चौथी पायरी : क्रियापद तपासणे

मराठीत आश्वासन बहुधा नामात नसते, क्रियापदाच्या शेपटीत असते. ‘पाऊस कमी पडणार’ हा निश्चय झाला. ‘पाऊस कमी पडेल’ हे ऐकायला मवाळ, पण गावातल्या कानाला तेही निश्चितच वाटते. ‘पाऊस कमी पडू शकतो’ हे वाक्य उलट इतके सैल आहे की ते कोणत्याही वर्षी खरे ठरते. त्यातून शंभरपैकी ५ आणि शंभरपैकी ७० यांतला फरक कळत नाही. ‘शक्यता आहे’ हे शब्द सर्वांत सभ्य दिसतात, परंतु आकडा गिळण्याचे काम तेच सर्वाधिक करतात. म्हणून माझा नियम असा आहे की सारांशात ‘शक्यता’ हा शब्द आकड्याशिवाय येऊ द्यायचा नाही, आणि ‘-णार’ प्रत्यय फक्त हवामान विभाग पुढची नोट केव्हा देणार आहे, एवढ्याच वाक्यात वापरायचा.

शब्दांच्या क्रमाची एक खोच आणखी आहे. ‘जास्त पावसाची शक्यता’ आणि ‘पावसाची जास्त शक्यता’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिल्यात पाऊस जास्त आहे, दुसऱ्यात शक्यता जास्त आहे. तोंडी बोलताना आपण दोन्ही एकाच अर्थाने वापरतो आणि एकाचे दुसऱ्याला सांगताना ‘जास्त’ हा शब्द हमखास जागा बदलतो. त्यामुळे लिहिताना हे दोन्ही प्रयोग टाळून ‘पाऊस सर्वसाधारणपेक्षा जास्त होण्याची शक्यता शंभरपैकी इतकी’ असे लांबलचक लिहिणे बरे. वाक्य लांब होते, पण फिरत फिरत परत येते तेव्हा त्याचा अर्थ बदललेला नसतो.

कारणांच्या बाबतीतही क्रियापदच दगा देते. २०२३ च्या नोटेत मोसमी हंगामात एल निनोची स्थिती निर्माण होण्याची शक्यता नमूद होती. गावापर्यंत येताना त्याचे ‘एल निनो आला, आता दुष्काळ पडणार’ असे झाले. एल निनो असताना देशाचा पाऊस कमी होण्याकडे झुकतो हे खरे, पण १९९७ मध्ये एल निनो अत्यंत तीव्र असताना देशात सरासरीच्या सुमारे १०२ टक्के पाऊस झाला होता. तक्त्यातल्या शक्यता काढतानाच एल निनोचा प्रभाव जमेस धरलेला असतो. सारांशात तो पुन्हा स्वतंत्रपणे भीती म्हणून मांडला, तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते.

पाचवी पायरी : देशावरून विदर्भावर येताना

इथे बहुतेक सारांश घसरतात आणि माझाही घसरला होता. वरचा पाच गटांचा तक्ता संपूर्ण देशाचा आहे. विदर्भ हवामान विभागाच्या मध्य भारत या विभागात मोडतो, आणि मध्य भारताचा अंदाज मे अखेरच्या नोटेत वेगळा दिलेला असतो. त्यात ‘सर्वसाधारण’ म्हणजे ९४ ते १०६ टक्के अशी थोडी रुंद पट्टी धरतात, कारण क्षेत्र लहान झाले की पावसाचा चढउतार वाढतो. २०२३ चा हंगाम संपल्यावर देशाचा पाऊस सरासरीच्या ९४ टक्के भरला, मध्य भारताचा मात्र १०० टक्के. देशाचे वाक्य विदर्भावर तसेच्या तसे चिकटवले असते, तर ते त्या वर्षी कमी पावसाच्या बाजूने चुकले असते. दुसऱ्या एखाद्या वर्षी उलट बाजूने चुकेल.

मध्य भारत म्हणजेसुद्धा आपले गाव नव्हे. गडचिरोलीचा सरासरी पाऊस बुलढाण्याच्या जवळपास दुप्पट आहे, आणि हे दोन्ही जिल्हे विदर्भातच आहेत. आपल्या भागासाठी नोटेतला नकाशा पाहावा. त्या नकाशात पाच नव्हे, तीन गट असतात : सरासरीपेक्षा कमी, सर्वसाधारण आणि सरासरीपेक्षा जास्त. हे गट असे पाडलेले असतात की एरवी प्रत्येकाची शक्यता सारखीच, शंभरपैकी सुमारे ३३ असते. नकाशा प्रत्येक ठिकाणी फक्त सर्वाधिक शक्यता असलेला गट रंगवतो आणि रंगाची गडदता ती शक्यता किती ते दाखवते.

समजा, एखाद्या वर्षी यवतमाळच्या बाजूला ‘सरासरीपेक्षा जास्त’ गटाचा रंग आहे आणि रंगपट्टीवर त्याचा अर्थ ४५ ते ५५ असा आहे. यावरून आपण ‘जास्त पावसाचा पट्टा’ असे म्हणतो. पण उरलेल्या दोन गटांची मिळून शक्यताही ४५ ते ५५ आहे, आणि ती त्या दोघांत कशी वाटली आहे हे त्या नकाशात दिसत नाही. म्हणून सारांशात असे लिहावे : ‘आपल्या भागात पाऊस वरच्या गटात जाण्याची शक्यता एरवी शंभरपैकी ३३ असते, यंदा ती ४५ ते ५५ आहे, वरच्या गटात न जाण्याची शक्यताही जवळपास तेवढीच आहे.’ नकाशात आपला भाग पांढरा असेल तर तिथे पाऊस नाही किंवा पाऊस सर्वसाधारण आहे असा अर्थ होत नाही. त्याचा अर्थ असा की तिन्ही गटांची शक्यता एरवीइतकीच आहे, कोणत्याही बाजूला झुकाव सापडलेला नाही. पांढऱ्या रंगाचा सारांश ‘यंदा आपल्या भागासाठी अंदाज काही सांगत नाही’ असाच लिहावा लागतो. तो लिहायला जीव धजत नाही, कारण लोक म्हणतात, मग लिहिलेच कशाला? तरीही तो तसाच लिहावा.

वरचा गट, खालचा गट हे शब्द शेतात उपयोगाचे नाहीत, त्यांचे मिलिमीटर करावे लागतात. आपल्या तालुक्याचे मागच्या ३० वर्षांचे जून ते सप्टेंबरचे पावसाचे आकडे मिळवावेत; तहसील किंवा तालुका कृषी कार्यालयात ते असतात. सर्वांत कमीपासून सर्वांत जास्तपर्यंत ते चढत्या क्रमाने लिहावेत. पहिले दहा म्हणजे खालचा गट, मधले दहा म्हणजे सर्वसाधारण, शेवटचे दहा म्हणजे वरचा गट. समजा दहाव्या जागेवर ७२० मिलिमीटर आणि एकविसाव्या जागेवर ९१० मिलिमीटर आले, तर ‘सरासरीपेक्षा जास्त’ म्हणजे आपल्याकडे ढोबळमानाने ९१० च्या पुढे. हवामान विभागाच्या हद्दी याच्याशी तंतोतंत जुळणार नाहीत, परंतु शेतकऱ्याला त्याच्या आठवणीतले वर्ष सापडते : ‘म्हंजे अमक्या सालासारखा.’

या टप्प्यावर एक घोळ जपून टाळावा. हंगाम सुरू झाल्यावर जिल्ह्यांच्या पावसाचे साप्ताहिक आकडे येतात, आणि त्यांत ‘सर्वसाधारण’ हा शब्द उणे १९ ते अधिक १९ टक्के अशा मोठ्या पट्टीसाठी वापरतात. एखाद्या जिल्ह्यात सरासरीच्या ८३ टक्के पाऊस झाला, तर त्या यादीत तो जिल्हा सर्वसाधारण ठरतो. तोच आकडा देशाच्या तक्त्यात सरळ ‘अपुरा’ या गटात जातो. शब्द एक, मोजपट्ट्या वेगळ्या. त्यामुळे सारांशात ‘सर्वसाधारण’ लिहिले की कंसात हद्द लिहिलीच पाहिजे.

सहावी पायरी : नोट काय सांगत नाही, ते एका वाक्यात

चार महिन्यांची बेरीज ही चार महिन्यांचीच बेरीज असते. २०२३ मध्ये देशात जूनमध्ये सरासरीच्या ९१ टक्के, जुलैमध्ये ११३, ऑगस्टमध्ये ६४ आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा ११३ टक्के पाऊस झाला. तो ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींतला देशाचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. मध्य भारताची बेरीज १०० टक्के येऊनही माझ्या गावातल्या त्या शेतकऱ्याचे सोयाबीन सुकले, ते याच कारणाने. हंगामाच्या अंदाजात मिरगाचा पाऊस केव्हा येईल, पेरणीनंतर खंड पडेल का, किती दिवसांचा पडेल, यांतले काहीही नसते.

हे सांगणे विदर्भात जास्त गरजेचे आहे असे माझे मत आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळची घटमांडणी अक्षय तृतीयेला होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथले भाकीत सांगतात. त्यात महिनावार पाऊस असतो, पिके असतात. हवामान विभागाचा अंदाजही त्याच दिवसांत येतो. लोकांच्या कानाला ‘जून साधारण, जुलै भरपूर’ अशा उत्तराची सवय असते, आणि सारांश लिहिणारा नकळत त्याच साच्यात बोलू लागतो. श्रद्धेविषयी वाद घालण्याचे काही कारण नाही. मात्र हवामान विभागाच्या एप्रिलच्या नोटेवर महिनावार भाकीत चढवू नये, कारण ते तिच्यात नसते.

त्याच कारणाने सारांशात पेरणीचा सल्लाही घालू नये. ‘अंदाज चांगला आहे, लवकर पेरा’ हे वाक्य हंगामाच्या शक्यतेवरून निघतच नाही. साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल जाईपर्यंत पेरणी करू नये, हा कृषी विभागाचा नेहमीचा सल्ला कोणत्याही अंदाजाच्या वर्षी लागू असतो, आणि दुबार पेरणीचे संकट ओढवते ते बहुतेकदा तो मोडल्यामुळे. जवळच्या दिवसांसाठी मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारी कृषी हवामान सल्ला पत्रिका पाहावी, एवढेच सारांशात लिहावे. हंगामाच्या झुकावाचा उपयोग वेगळ्या निर्णयांना होतो : कमी कालावधीचे वाण किती एकरांवर घ्यायचे, सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी ठेवायच्या का, शेततळ्याची दुरुस्ती यंदाच उरकायची का. हे निर्णय ज्याचे त्याने, आपल्या जमिनीप्रमाणे आणि कर्जाप्रमाणे घ्यायचे असतात. शंभरपैकी ५१ ही शक्यता भारी काळ्या जमिनीवाल्याला आणि मुरमाड बरडवाल्याला सारखी नसते.

सातवी पायरी : प्रत्यक्ष लिहिणे

२०२३ च्या एप्रिलमध्ये मी जे लिहायला हवे होते, ते आज असे लिहीन :

> हवामान विभागाची ११ एप्रिल २०२३ ची नोट. कालावधी जून ते सप्टेंबर. क्षेत्र संपूर्ण देश. विदर्भासाठी वेगळा आकडा यात नाही.
>
> देशाचा पाऊस सरासरीच्या ९६ टक्क्यांच्या आसपास राहील असा अंदाज आहे. त्यात ५ टक्के इकडेतिकडे होऊ शकतात. यासारखी दहा वर्षे धरली तर साधारण पाच वर्षांत देशाचा पाऊस सर्वसाधारणपेक्षा (सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के) कमी, साडेतीन वर्षांत सर्वसाधारण आणि दीड वर्षात जास्त असेल. एरवी या तिन्हींचा वाटा जवळपास सारखा असतो. म्हणजे झुकाव कमी पावसाकडे आहे, पण दहापैकी पाच वेळा पाऊस कमी नसेलही.
>
> पाऊस केव्हा सुरू होईल आणि मध्ये खंड पडेल का, हे या अंदाजात नाही. मध्य भारताचा अंदाज मे अखेरीस येणार आहे. तो आल्यावर हा कागद बदलला जाईल.

‘साडेतीन वर्षे’, ‘दीड वर्ष’ हे थोडे विचित्र वाटते हे मान्य. हवे तर वीस वर्षे धरून दहा, सात आणि तीन असे लिहावे. तक्त्यातल्या ५१, ३५ आणि १४ शी ते पुरेसे जुळते. मी वीसचा प्रयोग पुढे केला आणि तो अधिक चालला, कारण घरातल्या कर्त्या माणसाला मागचे वीस हंगाम बऱ्यापैकी आठवतात.

लिहून झाल्यावर फलकावर लावण्यापूर्वी तो कागद अंदाजाशी संबंध नसलेल्या एका माणसाला वाचायला द्यावा आणि दोनच प्रश्न विचारावेत : ‘यंदा पाऊस कसा होणार आहे?’ आणि ‘याच्या उलट झाले तर या कागदाला खोटा म्हणाल का?’ पहिल्या प्रश्नाला तो ‘कमी’ असे एका शब्दात उत्तर देत असेल, तर उरलेली शक्यता कागदावर दिसत नाही असे समजून तिला वर, पहिल्या दोन ओळींत आणावे. दुसऱ्या प्रश्नाला ‘हो’ म्हणत असेल, तर कुठे तरी एक ‘-णार’ राहून गेलेला असतो. तो शोधावा. आमच्याकडे हे काम पिठाच्या गिरणीवाले करतात. त्यांना आकड्यांची आवड नाही, म्हणूनच ते उपयोगी पडतात.

हंगाम संपल्यावर

एका वर्षाच्या पावसावरून शक्यतेचा अंदाज खरा की खोटा हे ठरत नाही. २०२३ मध्ये देशाचा पाऊस ९४ टक्के भरला. तो ९० ते ९५ च्या गटात गेला, ज्याला एप्रिलमध्ये शंभरपैकी २९ दिले होते. जो गट सर्वाधिक शक्यतेचा होता, म्हणजे ३५ चा, तो आला नाही. याला अंदाज चुकला म्हणता येत नाही आणि अचूक ठरला असेही म्हणता येत नाही. २०२४ मध्ये पाऊस १०८ टक्के झाला, आणि तो गट त्या वर्षीच्या तक्त्यात ३१ सह सर्वांत वर होता. त्यावरूनही फार काही सिद्ध होत नाही.

म्हणून मी एक वही ठेवली आहे. डाव्या पानावर एप्रिल आणि मेचा तक्ता, एरवीच्या स्तंभासह. उजव्या पानावर ऑक्टोबरमध्ये देशाचा, मध्य भारताचा आणि आमच्या मंडळाच्या पर्जन्यमापकाचा आकडा. ज्या ज्या गटाला शंभरपैकी तीसच्या आसपास शक्यता दिली होती, असे सगळे गट अनेक वर्षांत मिळून दहापैकी तीन वेळा आले का, हे पाहायचे असते, आणि ते पाहायला पंधरा-वीस पाने तरी भरावी लागतील. तोपर्यंत चावडीवर कोणी ‘तुमचा अंदाज चुकला’ म्हणाले, की मी वही उघडून त्या वर्षीचे डावे पान त्याच्यापुढे ठेवतो. ज्याने मला २०२३ मध्ये अडवले होते, त्याने ते पान बराच वेळ पाहिले आणि विचारले, “हे एक्कावन तवाच का नाई लिवलं?”